गाणं, लिखाण आणि महिन्याचा पगार

 

आज बोलायचं आहे ते गटाच्या बैठकीत वारंवार निघणाऱ्या एका गोष्टीवर. गावात एखादी चांगली गाणारी असते. भजनी मंडळात तिचा आवाज लागला की पुरुष मंडळीही गप्प होऊन ऐकतात. किंवा एखादी लिहिणारी असते, तिची कविता दिवाळी अंकात छापून येते. आणि मग एक दिवस तिला नोकरी चालून येते. इचलकरंजीत शिलाईच्या कारखान्यात, दुकानात हिशेबाला, नाहीतर शाळेत. घरचे म्हणतात, "धर की, दारात आलेली लक्ष्मी परत लावायची नसती." मैत्रिणी म्हणतात, "गेलं बघ हिचं गाणं." आणि ती मधल्यामध्ये अडकते.

आम्ही गटाच्या बायका, आम्हाला हिशेब कळतो. म्हणून आधी हिशेबच मांडू. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुम्ही तिथं आपापले घाला.

समजा, आपली मैत्रीण भजन, अभंगवाणी, हळदीची गाणी असे वर्षाला चाळीस कार्यक्रम करते. पेटीवाला, तबलजी, साउंडवाला यांचं देऊन तिच्या वाट्याला एका कार्यक्रमामागं सरासरी बाराशे रुपये येतात. त्यात जाण्यायेण्याचं भाडं, साडी-ब्लाउज, चहापाणी, कोरसच्या मुलींना द्यायचं असे तीनशे जातात. हातात राहिले नऊशे. चाळीस गुणिले नऊशे, म्हणजे वर्षाचे छत्तीस हजार. महिन्याला तीन हजार.

इथं आमच्या बायका नेहमी चुकतात ती जागा सांगतो. नवरात्रात नऊ दिवसांत सात कार्यक्रम झाले की हातात सहा-सात हजार दिसतात आणि वाटतं, एवढं तर कुठल्या कारखान्यात मिळणार? पण तो एक पंधरवडा झाला. श्रावण, गणपती, नवरात्र, कार्तिकातले सप्ताह, मग लग्नसराई आणि यात्रा. गाण्याचं पीक असं हंगामी असतं. पौषात लग्नं नाहीत, पावसाळ्याच्या तोंडाला शेतीची गडबड, त्या महिन्यांत कुणी सुपारी घेऊन येत नाही. म्हणून गाण्याची कमाई कधीही महिन्यावर मोजू नका, वर्षाची बेरीज करून बारानं भागा.

आता नोकरी. समजा हातात अकरा हजार मिळतात. रिक्षा-वडापला महिन्याला हजार धरू. राहिले दहा. वर्षाचे एक लाख वीस हजार. पण नोकरी लागली की चाळीसचे चाळीस कार्यक्रम होणार नाहीत. दिवसाचे जातील, रात्रीचे राहतील. समजा चौदा गेले आणि सव्वीस राहिले. सव्वीस गुणिले नऊशे, म्हणजे तेवीस हजार चारशे. एकूण एक लाख त्रेचाळीस हजार चारशे. नुसतं गाणं धरलं तर छत्तीस हजार.

म्हणजे पैशाचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. घरात दुसरा पगार नसेल, पोरांची फी थकली असेल, तर इथं विचार करायला फार जागाच नाही. पण खरा प्रश्न या बेरजेत बसत नाही, आणि तो कुणी विचारत नाही. ती नोकरी तिच्याकडून नेमकं काय काढून घेणार आहे?

सगळ्या नोकऱ्या एकसारखं काही घेत नाहीत. आपल्याकडचंच बघा. यंत्रमागाच्या खोलीत कांड्या भरायचं काम आणि कापडाच्या दुकानात बिलं करायचं काम, दोन्हीकडं पगार सारखा असेल. पण मागाच्या खडखडाटात शेजारणीला काही सांगायचं तर दिवसभर ओरडून बोलावं लागतं. वर कापसाची फुकटी उडते ती नाकात, घशात. गाणारीला ही नोकरी तासांपेक्षा गळ्यानं जास्त महाग पडते. तिला कसं कळणार? सकाळी उठल्यावर आवाज घोगरा लागतो आणि दुपारपर्यंत सुटत नाही. वरचा सा पूर्वी सहज लागायचा, तो आता ताण देऊन काढावा लागतो. नेहमीच्या पट्टीत गाणं जड जातं आणि पेटीवाल्याला सांगावं लागतं, "जरा खालनं घ्या." असा घोगरेपणा तीन आठवडे हटला नाही तर हळद-दुधावर न राहता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

लिहिणारीचं उलटं असतं. तिला खडखडाट एक वेळ चालतो, हात कामात आणि डोकं मोकळं असेल तर ओळी मनात घोळवता येतात. पण दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज, अहवाल, जाहिराती लिहायची नोकरी असेल तर संध्याकाळी शब्दांचा वीट येतो. लिहिणाऱ्या माणसाला लिहिण्याचीच नोकरी बरी, असं लोक म्हणतात. आम्हाला ते नेहमीच खरं वाटत नाही.

आता आपल्याच भागातली काही माणसं बघू. यांनी हे करून दाखवलंय, आणि प्रत्येकाचं वेगळं आहे.

पहिल्या इंदिरा संत. 1914 सालचा जन्म, गाव तवंदी, निपाणीजवळचं. शिकायला काही काळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होत्या. त्या आणि त्यांचे पती ना. मा. संत, दोघंही लिहिणारे. 'सहवास' नावाचा कवितासंग्रह दोघांनी मिळून 1940 साली काढला. 1946 साली पती गेले. पदरात तीन मुलं. त्या काळात बाईमाणसानं एकटीनं तीन लेकरं वाढवायची म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्यांनी बेळगावात शिक्षिकांना तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी केली, पुढं तिथं मुख्याध्यापिका झाल्या. आणि कविता? 'शेला' आला 1951 साली, 'मेंदी' 1955, 'मृगजळ' 1957, 'रंगबावरी' 1964, 'बाहुल्या' 1972 आणि 'गर्भरेशीम' 1982. 'गर्भरेशीम'ला 1984 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या सालांकडं जरा नीट बघा. त्यांची स्वतंत्र अशी ही सगळी पुस्तकं पती गेल्यानंतरची आहेत, म्हणजे संसाराचा भार एकटीवर आल्यानंतरची. पण पुढं पुढं दोन पुस्तकांमधलं अंतरही वाढत गेलंय, सात वर्षं, आठ वर्षं, दहा वर्षं. आम्ही यातून असं समजतो की कविता हा प्रकार नोकरीवाल्या बाईला झेपणारा आहे. ती आखूड असते. भाकरी थापताना एक ओळ सुचली, ती दोन दिवस मनात राहिली, तिसऱ्या दिवशी कागदावर उतरली, तरी चालतं. मात्र पुस्तकाएवढ्या कविता साठायला वर्षं द्यावी लागतात. कादंबरीचं तसं नाही. तिला रोज थोडा तरी सलग वेळ लागतो, आठवडाभर खंड पडला की कोण पात्र कुठं बसलं होतं हेच आठवत नाही. म्हणून लिहिणारीनं नोकरी धरताना विचारायचं ते हे, की मी काय लिहिते? कवितेला बसची वेळ पुरते. कादंबरीला पहाटेचा तास राखावा लागतो.

आणि लिखाणाच्या पैशाचंही सांगून टाकतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. समजा पुस्तकाची किंमत दोनशे रुपये आणि लेखिकेला दहा टक्के मानधन ठरलं. एका प्रतीमागं वीस रुपये. हजार प्रतींची आवृत्ती सगळी खपली तर वीस हजार, आणि ती खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. उलट प्रकाशकच "एवढे पैसे भरा, पुस्तक काढतो" म्हणाला, तर ती कमाई नव्हे, खर्च आहे. लिखाणावर घर चालवायचा हिशेब आपल्याकडं सहसा जमत नाही.

दुसरे आपल्या कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर. 'पिंजरा' 1972 सालचा, त्याची गाणी कुणाला माहीत नाहीत असं घर सापडायचं नाही. तीनशेहून जास्त चित्रपटांना त्यांनी गाणी दिली. पण त्यांचा पेशा शिक्षकाचा होता. शाळा आणि सिनेमा दोन्ही कसं जमलं असेल? आमच्या मते एक मोठं कारण असं की त्या काळी सिनेमा कोल्हापुरातच होता. स्टुडिओ इथं, निर्माते-दिग्दर्शक इथं. आणि गीत लिहायचं काम सुटंसुटं असतं. प्रसंग ऐकायचा, चाल ऐकायची, शब्द बसवायचे. शाळेला सुट्ट्याही असतात. हेच काम नटाला जमलं नसतं, कारण त्याला शूटिंगला सलग दिवसच्या दिवस हजर राहावं लागतं. म्हणजे कलेचं काम घरापासून किती लांब आहे आणि ते तुकड्या-तुकड्यानं करता येतं का, यावर बरंच ठरतं. भजनाचा कार्यक्रम रुकडीला किंवा शिरोळला असेल तर रात्री परत येऊन सकाळी कामावर जाता येतं. पुण्या-मुंबईच्या ऑर्केस्ट्रात गायचं असेल तर नोकरी आणि ते, दोन्ही टिकत नाही.

तिसरी गोष्ट पगार सोडणाऱ्याची. ती जरा सविस्तर सांगतो.

जुन्या काळी गवयाला राजाच पगार द्यायचा. इचलकरंजीच्या संस्थानात पंडित बाळकृष्णबुवा होते, लोक त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरच म्हणतात. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती त्यांनी. त्यांच्याकडं मिरजेत एक मुलगा शिकला, कुरुंदवाडचा, विष्णू दिगंबर पलुस्कर. 1872 सालचा जन्म. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, म्हणून गाण्याकडं आला. मिरजेच्या राजाचा आश्रय होता. खायला-ल्यायला कमी नव्हतं. तरी 1896 साली हा आश्रय सोडून ते बाहेर पडले. गवयानं राजाच्या दारी न बसता लोकांत जावं, चार घरच्या मुलामुलींना गाणं शिकवावं, हा त्यांचा ध्यास. गावोगाव तिकीट लावून मैफली केल्या आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. 1908 साली मुंबईला.

आता पैसा कुठून यायचा? विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या मैफली. कितीतरी विद्यार्थी फी न देता तिथंच राहून शिकायचे. शाळा वाढली तशी मुंबईत मोठी इमारत बांधली, ती कर्जानं. हप्ते फेडायला बुवा दौऱ्यावर दौरे करायचे. पुढं ते रामनामाकडं जास्त वळले, कमाई आटली, आणि शेवटी सावकारांनी इमारत लिलावात काढली. 1931 साली मिरजेतच ते गेले.

काही जण यातून म्हणतात, बघा, पगार सोडला आणि असं झालं. आम्हाला ते पटत नाही. पगार सोडून बाहेर पडल्यावर पहिली कितीतरी वर्षं त्यांचं काम उभं राहिलं, वाढलं. अडचण आली ती इमारतीनं. कमाई हंगामी आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला, हे गणित त्यांच्यासारख्या नामवंत गवयालाही झेपलं नाही.

आणि हीच गोष्ट आमच्या गटात दर वर्षी समोर येते. मंडळ जरा नावारूपाला आलं की पहिली मागणी असते, "ताई, गटातनं साठ हजार द्या, स्वतःची साउंड सिस्टीम घेऊ. भाडं वाचेल." मांडून बघू. साठ हजार, महिना एक टक्का व्याज, दोन वर्षांत फेड. हप्ता बसतो साधारण दोन हजार आठशे पंचवीस. आणि वर आपण काढलेली गाण्याची कमाई महिन्याला सरासरी तीन हजार. म्हणजे दोन वर्षं ती गाणार आणि साउंडवाली कंपनी जेवणार. वर पौषात हप्ता चुकला की गटात नाव खराब. भाड्यानं आणलेला साउंड महाग वाटतो खरा, पण कार्यक्रम नसेल त्या महिन्यात तो काही मागत नाही. चार-पाच जणींनी मिळून घेतला, किंवा नोकरीच्या पगारातून हप्ता जाणार असेल, तर गोष्ट निराळी.

पलुस्करबुवांनी आपल्यासाठी आणखी एक वाट करून ठेवलीय. त्यांच्या शिष्यांनी चालवलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही होतात. वर्षातून दोनदा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत. विशारद व्हायला सहा-सात वर्षं लागतात, पण मध्यमा झालेली बाई घरी लहान मुलांना पेटी-गाणं शिकवू शकते. बारा मुलं, महिना तीनशे रुपये फी, म्हणजे छत्तीसशे. आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी एक-एक तास. ही कमाई छोटी आहे, पण गाण्याच्या हंगामावर अवलंबून नाही, आणि शिकवताना स्वतःचे सूरही घासले जातात. अर्ध्या दिवसाची नोकरी आणि संध्याकाळी शिकवणी, असं जुळवणाऱ्या बायका आम्ही बघितल्यात. फक्त परीक्षेच्या महिन्यात मुलं वाढतात आणि मे महिन्यात सगळी मामाच्या गावाला जातात, हे धरून चाला.

नोकरी धरायचं ठरलंच, तर हो म्हणण्याआधी मालकाशी काय बोलायचं? बायका पगार विचारतात आणि गप्प बसतात. गाणारीनं तारखा विचारायच्या. नवरात्रात आणि कार्तिकी एकादशीला सुट्टी मिळेल का? बिनपगारी चालेल, पण मिळेल का? रात्रपाळी लागणार का? लागणार असेल तर रात्रीचे सव्वीस कार्यक्रमही गेले आणि आपली वरची बेरीज कोसळली. हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं बरं. नवरात्राच्या आदल्या दिवशी सांगितलं तर मालकही चिडतो आणि तिचंही मन गाण्यात राहत नाही.

दुसरं, पी.एफ. आणि ई.एस.आय. आहे का ते विचारा. ई.एस.आय. म्हणजे कामगार विमा. तिच्या पगारातून शंभराला पाऊण रुपया जातो, मालक सव्वातीन रुपये भरतो, आणि तिला व घरच्यांना दवाखाना मिळतो. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजाही त्यातूनच मिळते, त्यासाठी आधीच्या ठरावीक मुदतीत किमान सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हे कार्यक्रमाच्या पाकिटात कधीच मिळत नाही. दोन नोकऱ्यांत पगाराचा फरक हजाराचा असेल आणि कमी पगाराच्या जागी हे दोन्ही असेल, तर आम्ही कमी पगाराची सांगू.

सरकारी नोकरी लागली तर आणखी एक. सरकारी माणसाला कधीमधी साहित्याचं, कलेचं काम करायला नियमात मुभा असते, कामावर परिणाम होता कामा नये एवढीच अट. पण ठरवून, नियमित पैसे घेऊन कार्यक्रम करायचे असतील तर आधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी "जावा की" म्हणाले होते, हे नंतर उपयोगी पडत नाही.

आणि नोकरी लागल्यावर एक वही करायची. गटाच्या हिशेबाची वही असते तशीच. रोज किती मिनिटं रियाज झाला, महिन्यात नवीन काय बसवलं, कोणता कार्यक्रम नाकारावा लागला. सहा महिन्यांनी वही उघडायची. कार्यक्रम कमी झाले तरी काळजी नको, ते वाढवता येतात. पण "नवीन काय बसवलं" हा रकाना सलग तीन-चार महिने कोरा दिसला तर सावध व्हायचं. जुन्याच आठ-दहा अभंगांवर गाडी चालू आहे आणि लोक वाहवा करताहेत म्हणून तिला ते कळत नाही, वहीला कळतं. मग पाळी बदलून मागायची, घराजवळचं काम बघायचं, किंवा शिकवणीची बाजू वाढवून नोकरी अर्ध्या दिवसाची करायची. कार्यक्रमांच्या पत्रिका, पेपरातली कात्रणं, प्रमाणपत्रं हीही त्याच वहीत चिकटवून ठेवा. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंत-साहित्यिकांसाठी मानधनाची योजना आहे, तिच्यात वयाची, उत्पन्नाची आणि किती वर्षं काम केलं याची अट असते. ऐन वेळी वीस वर्षांमागचा पुरावा कुठून आणणार?

एक हिशेब मात्र आमच्या कुठल्याच बैठकीत कागदावर येत नाही. नोकरी करणाऱ्या पुरुषाचा रियाज पहाटे पाच ते सहा असतो, तेव्हा घरात चूल दुसरंच कुणीतरी पेटवत असतं. आमची गाणारी पाचला उठते ती डबे भरायला. परवा बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "अगं, नोकरी का गाणं असं काय विचारतीस? सकाळच्या भाकरी कोण करणार ते आधी ठरीव." त्यावर त्यांची सून काही बोलली नाही, पण दुसऱ्या आठवड्यात कळलं की मंगळवार आणि शुक्रवार मावशींनी स्वतःकडं घेतलेत. आठवड्यातले दोन तास झाले. बाकीच्या पाच दिवसांचं बोलणं तिच्या नवऱ्याशी चालू आहे.